बाबांना आलेल्या नेपाळी चिठ्ठीबद्दल

प्रिय मित्रा,

तुमच्या आंब्याच्या बागेत काम करणाऱ्या नेपाळी माणसाने घरी पोचल्यावर तुझ्या बाबांच्या फोनवर पाठवलेली चिठ्ठी तू मला दिलीस, ती नीट वाचली. “अक्षरं सगळी वाचता येतात, पण अर्थाला हात घालायची भीती वाटते,” असं तू लिहिलंयस. भीती रास्त आहे. बागेतल्या माणसाच्या चिठ्ठीत ‘आमा’ दिसला की आपल्या मनात आंबाच येणार. पण नेपाळीत आंबा म्हणजे आँप, आणि आमा म्हणजे आई. आधी मूळ मजकूर देतो:

“हजुरबा नमस्कार। म घर आइपुगेँ। तपाईंले दिनुभएको जुत्ता छोराले लगायो। श्रीमतीले नमस्कार भनेकी छिन्। आमा तपाईंलाई सम्झिरहनुहुन्छ। पुसमा बिरामी पर्नुभयो अहिले सन्चै हुनुहुन्छ। दशैंपछि भाइलाई लिएर आउँछु। औषधि समयमा खानुहोला। एक्लै बगैंचामा नजानुहोला।”

आता माझं मराठी:

“आजोबा, नमस्कार. मी घरी पोचलो. तुम्ही दिलेले बूट मुलाने घातले. बायकोने तुम्हाला नमस्कार सांगितलाय. आई तुमची सारखी आठवण काढते. पौषात आजारी पडली होती, आता बरी आहे. दसऱ्यानंतर धाकट्या भावाला घेऊन येतो. औषधं वेळेवर घेत जा बरं. बागेत एकटे जाऊ नका.”

वाचायला सोपं झालंय, पण मुळातलं बरंच काही गळलंय. कुठे, ते तुला कळायला हवं, कारण उत्तर तुम्हालाच लिहायचंय.

नेपाळीत समोरच्याला तीन पायऱ्यांनी हाक मारतात: तँ, तिमी, तपाईं. क्रियापद प्रत्येक पायरीला वेगळं. ‘तू जातोस’ला तँ जान्छस्, तिमी जान्छौ, तपाईं जानुहुन्छ. तिसऱ्या पुरुषातही तेच: ऊ जान्छ, उनी जान्छन्, उहाँ जानुहुन्छ. आपल्याकडेही तू, तुम्ही, आपण आहेत, म्हणून पायरीला पायरी जुळवायचा मोह होतो, आणि तिथेच घसरायला होतं. आपला तू ऐसपैस आहे. आई, विठोबा, शाळूसोबती सगळे त्यात मावतात. नेपाळी तँ मात्र पोरासोरांना, जनावरांना, लंगोटीयाराला, नाहीतर भांडणात. आपल्या तूचा मायेचा भाग तिकडे बहुतेक तिमीकडे जातो. आणि तपाईं काही दरबारी शब्द नव्हे. काठमांडूत होतो तेव्हा भाजीवालीशीही मी तपाईंनेच बोलायचो. म्हणून त्याला मी ‘आपण’ केलं नाही, ‘तुम्ही’ केलं. शिवाय ‘आपण बागेत एकटं जाऊ नये’ असं लिहिलं असतं, तर बाबांनी तो सगळ्यांसाठीचा उपदेश समजून फोन बाजूला ठेवला असता.

(याहून वरची पायरी राजघराण्याची, क्रियापदाला ‘बक्सनु’ लावून होणारी. राजेशाही २००८ साली गेली, पण जुन्या राणा-ठकुरी घरांत ती अजून ऐकू येते. बाबांशी तिचा संबंध नाही.)

आता त्या माणसाने एवढ्याशा चिठ्ठीत काय केलंय बघ. मुलगा खालच्या पायरीवर: लगायो. बायको मधल्या: भनेकी छिन्. आई आणि बाबा दोघंही सगळ्यात वरच्या: सम्झिरहनुहुन्छ, दिनुभएको. अख्खं घर त्याने क्रियापदांतच आपापल्या जागी बसवलंय. मराठीत यातलं किती येतं? ‘मुलाने घातले’, ‘बायकोने सांगितला’. आपलं क्रियापद इथे बूट आणि नमस्कार यांच्या मागे जातं, माणसाच्या नाही, त्यामुळे मान दाखवायला त्यात जागाच उरत नाही. नेपाळीतही कर्त्याला ‘ले’ लागतो, पण क्रियापद कर्त्याचाच हात धरून राहतं: तैंले चिया खाइस्, तिमीले चिया खायौ, तपाईंले चिया खानुभयो. ‘दिनुभएको’ तर विशेषणासारखा वापरलेला शब्द, आणि त्यातसुद्धा आदर! आपलं ‘दिलेले’ कुणीही दिलं तरी ‘दिलेले’च. तिथे ‘तुम्ही’वर भागवावं लागतं.

आईचं मात्र मी मुद्दाम खाली आणलं. मुळातल्या मानाला जागून ‘आई आठवण काढतात’ लिहिलं असतं, तर तुझ्या घरात कुणालाही ती त्याची सासू वाटली असती.

खरी अडचण पुढच्या वाक्यात आहे. ‘पुसमा बिरामी पर्नुभयो अहिले सन्चै हुनुहुन्छ’. पुस म्हणजे पौष. पण आजारी कोण पडलं? कर्ता लिहिलेलाच नाही. एरवी नेपाळीत कर्ता गाळला तरी क्रियापदावरून कळतो. वरच्या पायरीवर ती सोय संपते. तिथे मूळ धातूला ‘नु’ लावून पुढे ‘हुनु’चं रूप जोडतात. आपल्या जुन्या धाटणीच्या ‘आपलं येणं कधी झालं?’सारखंच ते. मग ‘तुम्ही’ असो, ‘ते’ असो की ‘त्या’, रूप एकच: पर्नुभयो. बाई की पुरुष तेही कळत नाही. म्हणजे निव्वळ व्याकरणाने बाबाही आजारी असू शकतात आणि त्याची आईही. मराठीत तर ‘पडलात’ की ‘पडली’ हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

मी आई धरली. मागच्या वाक्याचा कर्ता तीच आहे. शिवाय पौषात तो तुमच्या बागेतच होता. बाबांच्या दुखण्याची बातमी तो बाबांनाच कशाला देईल? ‘पर्नुभयो’पुरता मी निर्धास्त आहे. ‘अहिले सन्चै हुनुहुन्छ’बद्दल नाही. पुढे प्रश्नचिन्ह असतं तर ते सरळ ‘तुम्ही बरे आहात ना?’ झालं असतं; कुशल विचारायची रोजची रीत ती. आणि फोनवर प्रश्नचिन्ह कोण टाइप करतो?

शेवटची दोन वाक्यं मला सगळ्यात आवडली. साधी आदराची आज्ञा खानुहोस्, नजानुहोस् अशी असते. त्याने खानुहोला, नजानुहोला लिहिलंय. ही भविष्याची रूपं. पत्रात, निरोपात विनंती म्हणून येतात. सांगणं तेच, पण दामटणं नाही. मी आधी ‘औषधं वेळेवर घ्यावीत’ लिहून पाहिलं, तर दवाखान्यातल्या पाटीसारखं वाटायला लागलं. म्हणून ‘घेत जा बरं’. आदर थोडा उतरला, पण काळजी पोचली. बाबांपर्यंत काळजी पोचणं जास्त महत्त्वाचं, असं मी ठरवलं. वर ‘तीर्थस्वरूप’ घालून भरपाई करता आली असती, पण अंगठ्याने टाइप करणारा माणूस तीर्थस्वरूप लिहीत नाही.

आता उत्तर. बाबा त्याला मराठीत ‘काय रे, पोचलास का?’ म्हणतात ते गोडच आहे, पण ते नेपाळीत तँने नेऊ नकोस. माया राहील बाजूला आणि मालकी दिसेल. तपाईंही नको, आजोबा म्हणणाऱ्याला ते परकं वाटेल. त्याला तिमीच हवं. हे पाठव:

“राम्रोसँग पुग्यौ, खुसी लाग्यो। आमालाई अहिले कस्तो छ? मेरो नमस्कार भनिदेऊ। दशैंपछि भाइलाई लिएर आऊ।”

म्हणजे: सुखरूप पोचलास, आनंद झाला. आईला आता कसं आहे? माझा नमस्कार सांग. दसऱ्यानंतर भावाला घेऊन ये. आईची चौकशी त्यात मुद्दाम घातलीय. पौषात तीच आजारी असेल तर तो तसं कळवेल, नसेल तर गोंधळून विचारेल. दोन्हीकडून उलगडा होईल. काय उत्तर येतं ते मला पाठव, म्हणजे भाषांतर दुरुस्त करायचं की नाही ते ठरवतो.

तुझाच