गाईचा क्षय आणि न तापवलेले दूध : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

मी पशुवैद्यक आहे. गाईच्या क्षयाबद्दल लिहितो आहे, कारण हा रोग सापडल्यावर शेतकऱ्याला काय सांगायचे, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

तपासणी सोपी आहे. मानेवरचे केस भादरायचे, कॅलिपरने कातडीची जाडी मोजायची आणि क्षयाच्या जंतूपासून बनवलेले ट्युबरक्युलिन ०.१ मिली कातडीत टोचायचे. ७२ तासांनी पुन्हा मोजायचे. समजा, सात मिलिमीटरची कातडी तेरा झाली. चार किंवा त्याहून जास्त वाढ म्हणजे गाय बाधित धरायची. पण ती गाय खाते, रवंथ करते, दिवसाला दहा-बारा लिटर दूध देते. मालकाला ती आजारी वाटतच नाही. खोकला आणि खंगणे फार उशिरा दिसते.

आता मालकाने काय करायचे? माणसांसारखे महिनोन्‌महिने गोळ्या देऊन गाईचा उपचार करत नाहीत. कापायला कायद्याने बंदी आहे, आणि तो वाद मला इथे उकरायचा नाही. नुकसानभरपाई मिळेल असे मी त्याला सांगू शकत नाही. मग गाय बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या गोठ्यात बांधली जाते. त्यामुळे शेतकरी तपासणीच नको म्हणतो, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

अशा वेळी घराच्या हाती एकच राहते : दूध तापवणे. गाईच्या क्षयाचा जंतू दुधातून माणसात येऊ शकतो, पण तो ७२ अंशांवर पंधरा सेकंदांत मरतो, त्यामुळे दूध आटेपर्यंत तापवायची गरज नाही. ढवळत नीट उकळी आणली की पुरे. डेअरीचे दूध पाश्चराइझ होते. धोका घरी ठेवलेल्या लिटरभराचा आहे. धार काढताना पोराच्या पेल्यात पिळलेले धारोष्ण दूध, कच्च्या दुधाला लावलेले विरजण, त्याचे ताक आणि लोणी. आंबवल्याने हा जंतू मरेलच असे नाही. असे दूध पिणाऱ्या मुलाच्या मानेला गाठी येतात किंवा पोटाचा क्षय होतो. थुंकीच्या नेहमीच्या तपासणीत तो सापडेलच असे नाही. शिवाय नेहमीच्या औषधांतले पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही, म्हणून घरी गाय आहे हे डॉक्टरांना कळायला हवे.

उकळण्याने सगळे भागत नाही, हेही खरे. बंद गोठ्यात श्वासातून लागण होतेच.

माझे मागणे दोन गोष्टींचे. गाय पाळणाऱ्या घरात क्षयरुग्ण निघाला, की आरोग्य खात्याने आम्हाला कळवावे आणि त्या गोठ्याची तपासणी व्हावी. आणि बाधित गाय बाजारात न जाता वेगळी ठेवता यावी, म्हणून तिच्या मालकाला ठरावीक भरपाई व तिच्यासाठी स्वतंत्र जागा मिळावी. हे दुसरे झाल्याशिवाय पहिल्याला कोणी दार उघडणार नाही.

आपला,
एक पशुवैद्यक