किल्लीची कविता

प्रिय ताई,

तुम्हाला तोंडावर सांगायला गेलो की माझं 'बरं, येतो' एवढ्यावरच संपतं, म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

सदुसष्टाव्या वर्षी मी पहिली कविता लिहिली आणि सून खोलीत आली की वही मिटून वर्तमानपत्र उघडायचो. तुमच्या वर्गात वाचतानाही आधी प्रस्तावना : 'नोकरी हिशेबात गेली, आता म्हातारपणी हे खूळ, सांभाळून घ्या.' तुम्ही म्हणालात, "माफीनामा पुढच्या वेळी आणू नका. कविता तेवढी आणा."

अष्टाक्षरी मला मानवली, कारण त्यात मोजणी होती. ओळीत आठ अक्षरं, चारावर किंचित थांबा, लघु-गुरूची भानगड नाही. 'खिशामध्ये' मी पाच अक्षरं धरलं होतं. जोडाक्षर एकच मोजायचं, हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. मग मी ऐटीत लिहून आणलं :

जीवनाच्या सांजवेळी
आठवांचा गंध दाटे

हिशेब चोख! तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "यात तुम्ही कुठे आहात? हे तर कुणीही लिहील." राग आला, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन पुन्हा वाचलं तर खरंच, 'सांजवेळ' मी उभ्या आयुष्यात कधी बोललो नव्हतो. उशिरा आलेला पाहुणा उसना कोट घालून येतो, तसे ते शब्द होते.

पुढचा गृहपाठ होता : आज हाताला लागलेली एक वस्तू लिहा, 'जीवन' शब्द बंद. खिशात ऑफिसच्या कपाटाची किल्ली होती, निवृत्त झाल्यापासून तशीच. चार ओळींना नऊ दिवस लागले. किल्लीला यमक म्हणून मी दिल्ली आणली होती. दिल्लीशी माझा काडीचा संबंध नाही! तुम्ही म्हणालात, यमकासाठी खोटं बोलावं लागत असेल तर यमक सोडा, आणि मोठ्यानं वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा. दिल्लीपाशी ती दर वेळी अडखळली. शेवटी राहिलं ते असं :

कपाटाची जुनी किल्ली
अजूनही खिशामध्ये
कुलूप ते दुसऱ्याचे
हात तरी चाचपतो

फार थोर नाही, ठाऊक आहे. तिसऱ्या ओळीतलं 'ते' नुसतं अक्षर भरायला आलंय, तेही तुम्ही पकडलंतच. पण ही वाचताना प्रस्तावना करायची राहून गेली, आणि ते मला घरी पोचल्यावर लक्षात आलं. त्या रात्री सुनेला वही स्वतःहून दिली. तिनं विचारलं, "बाबा, किल्ली परत नाही केलीत?"

नाही केली. दुसरं कडवं झालं की करतो. माफीनामा सोडायला लावल्याबद्दल, आणि दिल्ली काढायला लावल्याबद्दल, मनापासून आभार.

आपला,
शेवटच्या खुर्चीवरचा