भुंगे दिसतात, तरी शेण जमिनीत का जात नाही?

मा. संपादक,
स.न.

आपल्या शेतीच्या पानावर कुरण सुधारण्याविषयी आलेल्या लेखात बियाणे, खत आणि कुंपण यांची चांगली चर्चा होती. चरताना जनावर जे शेण टाकते त्याचे पुढे काय होते, हे मात्र त्यात राहून गेले.

एक गाय दिवसाला साधारण 10 ते 12 वेळा शेण टाकते. 20 गायींचे महिन्याला किमान 6000 पो झाले. एकेक पो फूटभर रुंद धरला तरी चारेक गुंठे गवत त्याखाली झाकले जाते. शिवाय पोभोवतीचे गवत हिरवेगार दिसले तरी गायी त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे वाया जाणारी जागा याहून बरीच मोठी. पो वरच वाळला तर त्यातला काही नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. स्फुरदाची अडचण निराळी आहे. जनावराच्या अंगातून बाहेर पडणारा जवळजवळ सगळा स्फुरद शेणातून येतो, पण तो मातीत आपणहून फारसा खाली सरकत नाही. त्याला कोणीतरी मुळांपर्यंत उचलून न्यावे लागते.

हे काम बीळ करणारे शेणभुंगे करतात. (शेणाचा गोळा ढकलत नेणारा भुंगा सगळ्यांना ठाऊक असतो, पण कुरणातले मोठे काम बहुधा या न दिसणाऱ्यांचे असते.) नर-मादी पोच्या थेट खाली बीळ खणतात आणि शेण आत ओढून त्याचे घट्ट गोळे करतात. मादी प्रत्येक गोळ्यात एकच अंडे घालते. प्रौढ भुंगा शेणातला रस शोषतो, अळी गोळ्यातला चोथा खाते. उरलेले शेण मातीतच राहते आणि बिळातून हवा-पाणी खाली उतरते.

हे भुंगे नसले तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने पाहिले. तिथल्या देशी भुंग्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गायीचे पातळ शेण त्यांना फारसे जमेना. पो महिनोन्‌महिने पडून राहत आणि त्यांत माश्या वाढत. अखेर तिथल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने बाहेरून भुंगे आणले आणि 1968 पासून सोडायला सुरुवात केली. पहिल्या प्रकल्पात सोडलेल्या 43 जातींपैकी 23 रुजल्या.

आपल्या कुरणात काम चालू आहे का, हे उबदार, ओलसर दिवसांत पाहावे. एक-दोन दिवसांचा पो चाळणीसारखा भोकांचा, भुसभुशीत झालेला असावा आणि कडेला खालून काढलेल्या मातीचे ढीग दिसावेत. फावड्याने पो उचलला की खाली पेन्सिल ते बोटाएवढ्या जाडीची भोके सापडतात. पो पाण्याच्या बादलीत ढवळला की भुंगे वर तरंगतात, पण बारीक भुंग्यांचा थर पाहून हुरळून जाऊ नये. त्यांतले बरेचसे पोच्या आतच राहणारे असतात. ते शेण खाली नेत नाहीत.

मोठे भुंगेही भरपूर असले, तरी पुढच्या हंगामात ते कमी दिसू शकतात. अशा वेळी आधी जंतनाशकाची नोंदवही उघडावी. आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक शेणातून बाहेर पडते, पहिल्या काही दिवसांत जास्त आणि पुढे काही आठवडे थोडे थोडे. या शेणावर प्रौढ भुंगे येतात, गोळेही करतात, पण आतली अळी मरते. वरून सगळे ठीक दिसते, म्हणूनच ही चूक लक्षात येत नाही. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या जनावरांच्या ताज्या पोंजवळ खुणेच्या काठ्या रोवाव्यात आणि 10-15 दिवसांनी तिथे वीतभर खोल खणून गोळे फोडावेत. पांढरी, पाठीवर कुबड असलेली अळी वळवळत असेल तर ठीक. एका बाजूला जिवंत अळ्या आणि दुसऱ्या बाजूला मेलेल्या किंवा रिकामे गोळे निघाले, तर दोष बहुधा औषधाचा. या अळीला हुमणी समजून चिरडू नये. हुमणी मुळांपाशी मोकळ्या मातीत असते, ही शेणाच्या गोळ्यात.

उपाय औषध बंद करणे हा नव्हे. शेणाची तपासणी करून गरज असेल त्याच जनावराला, आणि शक्यतो भुंग्यांचा हंगाम टाळून औषध द्यावे. निव्वळ पोटातल्या जंतांसाठी फेनबेंडाझोल किंवा अल्बेंडाझोल भुंग्यांना बरेच कमी घातक असते, पण त्याने गोचिडी जात नाहीत. त्यासाठी पाठीवर ओततात त्या डेल्टामेथ्रिनसारख्या औषधांनी तर प्रौढ भुंगेही मरतात. निवड पशुवैद्याला विचारूनच करावी.

आणि भुंगे आहेत म्हणून स्फुरद देणे थांबवू नये. ते पडलेले शेण तेवढे खाली नेतात. दुधातून आणि विकलेल्या जनावरांतून जो स्फुरद बाहेर गेला, तो खतातूनच भरावा लागतो.

– आपला एक वाचक