हुंडी वटवण्याआधी

फोंडा, रविवार

प्रिय सुभाष,

चवथीआधी कामगारांचे पगार भागवायचे म्हणून तू वेर्ण्याच्या कंपनीवरचं पाच लाखांचं बिल, म्हणजे हुंडी, मुदतीआधीच बँकेत वटवून पैसे घेणार, असं फोनवर म्हणालास. तेव्हा घाईत बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहितो.

तू काढलेल्या हुंडीवर खरेदीदाराने 'स्वीकारली' अशी सही केल्याशिवाय बँकेत जाऊ नकोस. नुसत्या चलनावर आणि इनव्हॉइसवर बँका सहसा राजी होत नाहीत. माझ्या वेळी ती सही यायलाच दहा दिवस गेले होते.

आता पैशांचं. बारा टक्के ऐकून तुला बरं वाटलं, पण बँक हे व्याज वटाव म्हणून आधीच कापून घेते. समज, ९० दिवसांच्या हुंडीचे दहा दिवस सहीत गेले. उरले ८०. मुदती हुंडीला कायद्याने तीन दिवस सवलतीचे मिळतात, बँक तेही धरते. म्हणजे ८३ दिवसांचा वटाव पाच लाखांवर १३,६४४ रुपये. वर प्रोसेसिंग फी हजार रुपये धर, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११८०. वटावावर जीएसटी नसतो. तो लावलेला दिसला तर मॅनेजरला विचार. तुझ्या खात्यात ४,८५,१७६ येतील. म्हणजे वापरायला मिळाले एवढेच आणि खर्च १४,८२४. वर्षाचा दर काढलास तर साडेतेराच्या जवळ जातो. मालाचा भाव सांगताना हाच दर धर रे, बारा नको.

खरी भीती पुढे आहे. खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत तर बँक त्याच्या नव्हे, तुझ्या दारात येते. मंजुरीपत्रात 'विथ रिकोर्स' असेल तर त्याचा अर्थ हाच. माझा खरेदीदार वीस दिवस उशिरा जागा झाला. तोवर पाच लाख माझ्या नावावर थकीत दाखवून बँकेने चौदा टक्क्यांनी ३,८३६ रुपये घेतले. त्या महिन्यात कच्च्या मालाचा चेक देताना माझा जीव टांगणीला लागला होता. म्हणून थकीत दर किती, हे सही करण्याआधी विचार.

आणखी एक. ती कंपनी ट्रेड्स या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन मंचावर नोंदलेली आहे का, ते तिच्या अकाउंट्समध्ये विचार. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केलं की अनेक बँका दराची बोली लावतात, आणि पैसे बुडाले तरी तुझ्याकडे मागता येत नाहीत. तिथे लागणारी उद्यम नोंदणी तुझी आहेच.

मंजुरीपत्र हातात आलं की सही न करता डिचोलीहून थेट इकडे ये. दोघं बसून वाचू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक