‘एफ. मेंडेल्सोन’ म्हणजे कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पाश्चात्त्य संगीतकारांवरचा लेख वाचला. बायकांनी मोठ्या रचना केल्याच नाहीत, म्हणून थोरांच्या यादीत त्या नाहीत, या वाक्यावर माझा चहा निवला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, फक्त पन्नासेक वर्षं मागे राहिलाय.

‘ईस्टर सोनाटा’ या पियानोरचनेचंच घ्या. १९७० साली पॅरिसमध्ये हस्तलिखित सापडलं, त्यावर ‘एफ. मेंडेल्सोन’. एफ म्हणजे प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्सच, आणखी कोण! त्याच्या नावावर ध्वनिमुद्रिकाही निघाली. थोरल्या बहिणीचं, फानीचं, नावही ‘एफ’वरूनच सुरू होतं आणि तिच्या पत्रांत अशा सोनाटाचा उल्लेख आहे, हे कळूनही कोणी फारसं हललं नाही. २०१० मध्ये अँजेला मेस या संशोधिकेनं मूळ कागद बघितले. अक्षर फानीचं निघालं. शिवाय पानांवरचे आकडे फानीच्या एका वहीतून गायब असलेल्या पानांच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. रचना १८२८ची, तिच्या नावानं वाजली २०१२ला. आता इतिहासकार असं काम करताहेत: वह्या, शाई, पानांचे आकडे.

आणि नाव गेलं कसं? १८२०मध्ये वडिलांनीच तिला लिहिलं होतं की संगीत फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझा मात्र तो दागिनाच राहील. तिची सहा गाणी भावाच्या संग्रहांत त्याच्या नावानं छापली गेली. त्यातलंच एक व्हिक्टोरिया राणीनं १८४२ साली त्याला गाऊन दाखवलं, तेव्हा ‘हे बहिणीचं’ असं बिचाऱ्याला कबूल करावं लागलं. बाकीचं बहुतेक बर्लिनच्या घरात, रविवारच्या मैफलींत वाजायचं. इतिहास लिहिणारे बघायचे छापलेल्या वह्या. स्वतःच्या नावानं पहिला संग्रह तिनं काढला १८४६ला, आणि दुसऱ्या वर्षी ती गेली.

बर्लिन कशाला, आमचं म्हार्दोळ घ्या. माझी आत्या पेटीवर भजनांना चाली लावायची. गेल्या वर्षी एका कार्यक्रमाच्या पत्रिकेत तिच्या दोन चालींपुढे छापलं होतं, ‘चाल : पारंपरिक’. आयोजकांना विचारलं, तर म्हणे, ‘वहिनी, पुरावा काय?’ पुरावा माझ्या कपाटात आहे. एका बाजूला नारळांचा हिशेब, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीनं सा रे ग. मधली चार पानं कोणीतरी फाडून नेलीत. ती कुठल्या बुवांच्या वहीत सापडतात, बघायचं.

जाता जाता, मागच्या महिन्यात माझं पत्र आपण छापलंत, आभार. पण खाली आद्याक्षरांपुढे ‘श्री.’ कोणी लावलं? मी तरी लावलं नव्हतं.

आपली,
एक वाचक (श्रीमती), म्हार्दोळ