अपडेटची वर्षे मोजायची कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा फोन जून २०२३ मध्ये घेतला, म्हणजे तो आता दोन वर्षांचा झाला. काचेवर ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर पुरते. तरीही फेब्रुवारीपासून त्याला एकही अपडेट आलेले नाही. मी कंपनीला पत्र लिहून कारण विचारले. आलेले उत्तर वाचून हे दुसरे पत्र आपल्या वृत्तपत्रातून लिहीत आहे, कारण माझ्यासारखे फसलेले आणखी बरेच असणार.

उत्तर असे: ‘या मॉडेलला तीन वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे आश्वासन पूर्ण झाले आहे.’ मी बिल पुन्हा काढून पाहिले. माझा हिशेब बरोबर होता, फक्त कंपनीने मोजायला सुरुवात दुसरीकडून केली होती. हे मॉडेल फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आले, आणि तीन वर्षे तिथपासून धरली. मी फोन घेतला तेव्हा त्यातले सोळा महिने उडून गेले होते. छत्तीस महिन्यांचे आश्वासन ऐकून मी पैसे मोजले, पदरात पडले वीस. दुकानात तेव्हा तो ‘नवीन’ म्हणूनच विकत होते आणि खोक्यावर तारखेचा पत्ता नव्हता. औषधाच्या पट्टीवर छापतात तशी शेवटची तारीख इथे का नको?

फोन स्वतः तर काहीच कळू देत नाही. अपडेट तपासा म्हटले की हिरवी खूण दाखवून सांगतो, ‘तुमची सिस्टीम अप टू डेट आहे’. खरी गोष्ट सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ आणि मग अँड्रॉइड आवृत्ती उघडल्यावर दिसते. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख असते; माझ्याकडे ती ५ फेब्रुवारी २०२५ वर थांबली आहे. कंपनीकडून द्यायचे काही उरले नाही, म्हणून फोन अप टू डेट! वाचकांनी आपापल्या फोनवर ही तारीख जरूर पाहावी.

‘फोन चालतोय ना, मग बिघडले कुठे?’ असे कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने मला फोनवर विचारले. (बोलत होता अगदी सौजन्याने, त्याचा दोष नाही.) बिघडले ते असे. माझे अपडेट थांबल्यावर पुढच्याच महिन्यात, मार्च २०२५ च्या सुरक्षा पत्रकात गुगलने दोन दोषांबद्दल लिहिले, की निवडक लोकांवर त्यांचा प्रत्यक्ष वापर होत असल्याची चिन्हे आहेत. त्यातला एक, CVE-2024-50302, कर्नलमधला, म्हणजे फोनच्या अगदी मुळातला. गुगल प्ले स्टोअरमधून ॲप्स आणि ब्राउझर नवे होत राहतात, अँड्रॉइडचे काही भागही त्या वाटेने दुरुस्त होतात. पण कर्नल आणि चिपचे ड्रायव्हर यांची दुरुस्ती फोन कंपनीनेच त्या मॉडेलसाठी तयार करून पाठवावी लागते. तो दोष माझ्या फोनमध्ये असेल तर तसाच राहणार. उद्या कोणी माझ्यावरच टपून बसेल असे मला वाटत नाही, पण बँकेचे व्यवहार याच फोनवर चालतात.

कंपनीची अडचण मला अजिबात कळत नाही असे नाही. चिप बनवणाऱ्याने आपला आधार काढून घेतला तर फोन कंपनीचे काम अवघड होते, आणि प्रत्येक मॉडेलची चाचणी वेगळी करावी लागते. पण ही अडचण कंपनीला फोन बाजारात आणतानाच माहीत असते. मग ती ग्राहकाला फोन बंद पडल्यासारखा झाल्यावरच का कळावी?

दुसरीकडे हा प्रश्न कायद्याने सोडवायला घेतला आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील, ती अखेरची तारीख कंपनीला जाहीर करावी लागते. युरोपीय संघाच्या नियमाने, २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या मॉडेलला किमान पाच वर्षे अपडेट द्यावे लागतात, आणि ती पाच वर्षे मोजायची कंपनीने त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आणला तिथपासून. म्हणजे उशिरा घेणाऱ्याचे महिने कापले जात नाहीत. मोजपट्टी उलट्या टोकाने धरली, एवढाच फरक.

कंपनीला मी दोनच गोष्टी पुन्हा विचारल्या आहेत. मार्च २०२५ ची ती कर्नलची दुरुस्ती माझ्या मॉडेलला देणार की नाही? आणि दुकानांत आज जी मॉडेले ‘नवीन’ म्हणून विकली जात आहेत, त्यांची शेवटची तारीख कोणती? पत्र पाठवून तीन आठवडे झाले. पोच आली आहे, उत्तर नाही.

आपला,
एक ग्राहक