जिल्ह्याच्या फ्रीजमधला फॅक्टर आणि उसाच्या फडातला गुडघा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन, म्हणजे फॅक्टर, जन्मतः कमी असतं. त्याच्या औषधखरेदीत फॅक्टरच्या जोडीला कातडीखाली द्यायचं एमिसिझुमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन किती घ्यायचं, कुणाला द्यायचं आणि ते कुठे ठेवायचं, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे. त्यासाठी एकाच मुलाचा हिशेब मांडतो. वय ६, वजन २० किलो, तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्तात आठव्या क्रमांकाचा फॅक्टर १ टक्क्याहून कमी. घर धारूरकडचं. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलगा त्यांच्याबरोबर कोपीत राहतो. मूल उदाहरणादाखल घेतलं आहे, पण असं घर बीड जिल्ह्यात शोधावं लागत नाही.

गुडघ्यात रक्त उतरायला लागलं की मुलाला ते सुजेच्या आधी कळतं. आत ऊब वाटते, मुंग्या येतात, पाय सरळ करायला तो नको म्हणतो. औषध तेव्हाच, पहिल्या एकदोन तासांत मिळायला हवं. प्रत्यक्षात फडातून वाहन मिळेपर्यंत दिवस मावळतो आणि जिल्ह्याला पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झालेला असतो. हे रक्त नंतर जिरतं, पण त्यातलं लोह सांध्याच्या अस्तरात राहतं. अस्तर सुजतं, त्यात नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि त्याच जागी पुन्हा रक्तस्राव होतो. सहा महिन्यांत एकाच सांध्यात तीन वेळा आपोआप रक्त आलं, की तो सांधा ‘टार्गेट’ झाला असं आम्ही म्हणतो. त्यानंतर ओतलेला फॅक्टर त्या दिवसाचं दुखणं थांबवतो, सांधा परत आणत नाही.

फॅक्टर आठचं गणित सोपं आहे. किलोमागे १ युनिट दिलं की पातळी सुमारे २ टक्क्यांनी चढते. पातळी ४० टक्क्यांवर न्यायची तर २० × ४० × ०.५, म्हणजे ४०० युनिट. व्यवहारात ५०० ची कुपी पूर्ण देतात आणि पातळी ५० च्या आसपास जाते. पण हा फॅक्टर साधारण १२ तासांत निम्मा होतो, लहान मुलांत त्याहून लवकर. तिसऱ्या दिवशी मूल पुन्हा १ टक्क्यापाशी. म्हणून रक्तस्राव होऊच नये यासाठी फॅक्टर द्यायचा तर आठवड्यातून तीनदा शीर शोधावी लागते, म्हणजे वर्षाला १५६ टोचण्या आणि ७८,००० युनिट. सहा वर्षांच्या मुलाची शीर उसाच्या फडात कोण शोधणार?

एमिसिझुमॅबने नेमकं हेच बदललं. हे दोन तोंडांचं प्रतिपिंड आहे. एका हाताने ते सक्रिय झालेला फॅक्टर नऊ धरतं, दुसऱ्याने फॅक्टर दहा, आणि दोघांना जवळ आणून आठव्याचं काम भागवतं. ते कातडीखाली देतात आणि निम्मं व्हायला त्याला सुमारे चार आठवडे लागतात. आपल्या मुलाला पहिले चार आठवडे दर आठवड्याला किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिग्रॅम. त्यानंतर दर चार आठवड्यांनी किलोमागे ६ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. ६० च्या दोन कुप्या मिळून एक मिलिलिटरही होत नाही. केरळने २०२४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना हे औषध मोफत द्यायचं ठरवलं.

खरेदीत इथे दोन चुका होतात. ‘महिन्याला एक’ असं धरून वर्षाला १२ डोस मागवले जातात, पण चार आठवड्यांचे डोस वर्षाला १३ भरतात. तेरावा डोस कागदावर नसतो, मुलाला मात्र लागतो. दुसरी चूक वजनाची. हाच मुलगा २२ किलोचा झाला की १३२ मिलिग्रॅम लागतात. १०५ आणि ३० मिळून बेरीज जमते, पण ३० ची कुपी पातळ असते आणि बाकीच्या दाट. त्या एका सिरिंजमध्ये मिसळायच्या नसतात, म्हणून दोन टोचण्या होतात. उलट १७ किलोच्या मुलाला चार आठवड्यांनी १०२ मिलिग्रॅम लागतात आणि १०५ ची कुपी जवळजवळ नेमकी पुरते. उघडलेल्या कुपीतलं उरलेलं टाकूनच द्यावं लागतं. म्हणून मागणी रुग्णसंख्येवर करू नये. दर तीन महिन्यांनी मोजलेल्या वजनांच्या यादीवर करावी, आणि अंतर आठवड्याचं, पंधरवड्याचं की चार आठवड्यांचं हे कुपी पाहून ठरवावं.

साठवण २ ते ८ अंशांत. न उघडलेली कुपी फ्रीजबाहेर एकूण सात दिवस चालते, पण ३० अंशांच्या आत. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ही सवलत धरूच नये. लसीच्या डब्यातून न्यावी, बर्फाला चिकटू देऊ नये. गोठलेलं औषध बाद. लसीची शीतसाखळी तालुक्यापर्यंत आहेच, मग या कुपीलाच जिल्ह्याला का थांबवायचं?

आता धोक्याचं. हे औषध प्रतिबंधासाठी आहे, चालू रक्तस्राव ते थांबवत नाही. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. तपासणीतही फसगत होते. एमिसिझुमॅब घेणाऱ्या मुलाचा एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, अगदी नॉर्मल येतो, आणि तो पाहून रात्रपाळीचा डॉक्टर ‘रक्त गोठतंय’ म्हणून घरी पाठवू शकतो. फॅक्टर आठची नेहमीची चाचणीही खोटी जास्त दाखवते. तिथे गाईच्या फॅक्टरवर चालणारी क्रोमोजेनिक चाचणी लागते. ज्यांच्यात इनहिबिटर, म्हणजे दिलेला फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार झाले आहेत (तीव्र ए मध्ये सुमारे चारांतल्या एकाला होतात), त्यांना रक्तस्रावात एपीसीसी हे फॅक्टर आठला वळसा घालून रक्त गोठवणारं बायपास औषध दिलं आणि ते दिवसाला किलोमागे १०० युनिटांपेक्षा जास्त, एका दिवसाहून अधिक चाललं, तर बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. अशा मुलाला फॅक्टर सात-ए द्यायचा. म्हणून प्रत्येक मुलाच्या गळ्यात किंवा दप्तरात मराठी कार्ड हवं: प्रकार, वजन, इनहिबिटर, शेवटचा डोस. टोळी सांगली-कोल्हापूरकडे गेली की पुढचा डोस त्याच कार्डावर तिकडच्या ग्रामीण रुग्णालयात मिळाला पाहिजे. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे सहासात डोस. मुकादमाच्या परवानगीने दर वेळी बीडला येणं ही योजना होऊ शकत नाही.

हिमोफिलिया बी ची मुलं थोडी आहेत म्हणून विसरली जातात. त्यांच्यात नववाच फॅक्टर नसतो, त्यामुळे एमिसिझुमॅबला धरायला काही उरत नाही. त्यांना फॅक्टर नऊच हवा, आणि तो किलोमागे १ युनिटला जेमतेम १ टक्का चढतो. २० किलोला ४० टक्क्यांसाठी ८०० युनिट लागतात, आठच्या दुप्पट. कॉन्सिझुमॅब आणि मार्स्टासिमॅब ही नवी प्रतिपिंडं रक्त गोठण्यावरचा टीएफपीआय नावाचा लगाम सैल करतात, म्हणून दोन्ही प्रकारांत चालतात. तज्ज्ञ समितीने त्यांच्याकडे आत्तापासून लक्ष ठेवावं.

जीन थेरपीचा प्रश्न बैठकीत हमखास निघतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने रुग्णाच्याच रक्तमूलपेशींत लेंटिव्हायरसमधून फॅक्टर आठचं जनुक घालून पाच जणांवर उपचार केले. त्यानंतरच्या पाठपुराव्यात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. अभिमान वाटावा असं काम आहे. पण पाचही प्रौढ होते, आणि मूलपेशी परत घालण्याआधी अस्थिमज्जेला जागा करणारी कडक औषधं द्यावी लागतात. परदेशातली एकदाच द्यायची औषधं एएव्ही या विषाणूतून जनुक नेतात आणि यकृतात काम करतात. वाढत्या यकृतात पेशी विभागतात तसं ते जनुक विरळ होत जातं, म्हणून ती प्रौढांसाठीच आहेत. त्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असली तर बरेच जण अपात्र ठरतात, आणि हिमोफिलिया ए मध्ये पातळी वर्षागणिक उतरते. बी साठीच्या औषधाची अमेरिकेतली किंमत ३५ लाख डॉलर होती. ‘जीन थेरपी येतेच आहे’ म्हणून या मुलाचं इंजेक्शन थांबवलं, तर ती येईल तेव्हा त्याचा गुडघा वाकत नसेल.

आमची मागणी: येत्या दिवाळीआधी, टोळ्या निघण्यापूर्वी, मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत तीव्र हिमोफिलियाच्या मुलांची वजनं आणि इनहिबिटर तपासणी पूर्ण व्हावी. पहिले चार आठवडी डोस गावाजवळच्या रुग्णालयात देऊनच मुलं फडावर जावीत. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फॅक्टर आठच्या ५०० च्या दोन कुप्या कायम असाव्यात. जवळच्या तारखेच्या कुप्या वेळेत जिल्ह्याला परत पाठवून बदलून घेतल्या, तर एकही वाया जाणार नाही.

आपले,
मराठवाड्यात हिमोफिलियाच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका